खिशातले दगड

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली बार्ट रेल्वेचा एक मार्ग पूर्वेला जिथे संपतो, तिथे डब्लिन आहे. इथल्या मराठी घरांत कपडे धुवायला टाकण्याआधी पोरांचे खिसे तपासावे लागतात. नाही तर मशीनच्या ड्रममध्ये खडखडाट होतो. अंगणात शोभेसाठी पसरलेले गोटे, लिक्विडअंबरच्या झाडाची काटेरी बोंडं, सोड्याच्या बाटलीचं झाकण, समुद्रावरून आणलेला शिंपला असा ऐवज त्यांतून निघतो. आजीला याचं नवल नसतं, कारण तिच्या लहानपणी चिंचोके, गुंजा, कवड्या आणि काड्यापेटीचे छाप होतेच.

कॅलिफोर्नियातली जुनी पाहणी

वस्तू जमवण्याच्या या सवयीची एक जुनी मोठी पाहणी कॅलिफोर्नियातलीच आहे. संशोधक कॅरोलाइन फ्रिअर बर्क यांनी सांता बार्बरा आणि सांता रोझा इथल्या बाराशेहून अधिक शाळकरी मुलांना तुम्ही काय काय जमवता, असं विचारलं आणि १९०० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहातली जवळजवळ नऊ मुलं काही ना काही जमवत होती. साधारण आठ ते अकरा या वयात या नादाला जोर होता.

१९२७ मध्ये लेहमन आणि विटी या संशोधकांना मात्र जमवणारी मुलं फारच कमी आढळली. काळ बदलला होता, पण प्रश्नही बदलला होता. त्यांनी खेळांची यादी देऊन गेल्या आठवड्यात यांतलं काय काय केलंत, एवढंच विचारलं होतं. खोक्यात महिनाभर पडून असलेले शिंपले त्या उत्तरात येणार कसे? उलट ‘काय काय जमवता’ असं विचारलं की मुलाला काही ना काही सांगावंसं वाटतंच. म्हणून बर्कबाईंचा आकडा थोडा फुगलेला आणि लेहमन-विटींचा बराच आखडलेला, असं मला वाटतं.

आधी वेचणं, मग लावणं

तीन-चार वर्षांचं मूल वेचतं, पण लावत नाही. गुळगुळीत, चमकदार, मुठीत मावेल असं काही दिसलं की उचलायचं, एवढंच. शिवाय ते जमिनीच्या जवळ असतं. आपल्याला जो रस्ता दिसतो, त्यावर त्याला खडे दिसतात.

सहा-सातच्या सुमारास फरक पडतो आणि तो घरीही पाहता येतो. मुलासमोर सात पांढरे आणि तीन काळे दगड ठेवा. मग विचारा, ‘पांढरे दगड जास्त की दगड जास्त?’ पाच वर्षांचं मूल बहुधा ‘पांढरे’ म्हणतं, कारण ते पांढऱ्यांची तुलना काळ्यांशी करतं. पांढरे हेही दगडच, म्हणजे एकच वस्तू लहान गटात आणि मोठ्या गटातही असते, हे त्याला एका वेळी धरता येत नाही. सात-आठ वर्षांची बरीच मुलं हसून ‘दगड’ म्हणतात. हा प्रश्न स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा. ते स्वतः लहानपणी गोगलगाईंचे शंख जमवत.

ही समज आली की संग्रहाचं रूप पालटतं. रंगाने लावून झालं की आकाराने लावायचं, मग ‘समुद्राचे’ आणि ‘अंगणातले’ असे वेगळे करायचे. एकच दगड दोन गटांत बसतो तेव्हा भावंडांत वादही होतो. आठ ते अकरा या वयाच्या जोरामागे मला हेच मोठं कारण दिसतं. नुकतं जमू लागलेलं काम मूल पुन्हा पुन्हा करतं.

‘तसाच दुसरा आणू’ का चालत नाही

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हुबेहूब नक्कल काढणारं ‘यंत्र’ दाखवलं. साध्या खेळण्याची नक्कल मुलांनी आनंदाने घेतली. रोज जवळ घेऊन झोपायच्या खेळण्याची मात्र बहुतेकांना नको होती आणि काहींनी ते यंत्रात ठेवूही दिलं नाही. प्रयोग दगडांवर नव्हता, त्यामुळे तो फार ताणू नये. तरीही आईने फेकलेल्या दगडाच्या बदल्यात दुसरा दिला की रडं का थांबत नाही, हे त्यावरून थोडं उमगतं. शिवाय घर, शाळा, कपडे सगळं मोठ्यांनी ठरवलेलं असतं. हा दगड मात्र मुलाने स्वतः निवडलेला असतो.

कुठे थांबवायचं

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर डबा उंचावर ठेवा. बटणासारख्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकं मात्र कोणत्याही डब्यात नकोत, बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला आणि चुंबकं गिळली गेली तर आतड्याला गंभीर इजा होऊ शकते. शंख आणण्याआधी आत खेकडा नाही ना, हे पाहा.

सगळीकडून उचलताही येत नाही. डब्लिनच्या टेकड्यांवरच्या ईस्ट बे रीजनल पार्कमधून दगड किंवा झाडाचे भाग नेण्यास मनाई आहे. पेस्काडेरोजवळच्या पेबल बीचवर किनारा रंगीत खड्यांनीच भरलेला आहे, पण तिथूनही खडे नेता येत नाहीत. गाडीत बसण्याआधी हे मुलांना सांगून ठेवा आणि परत निघताना खिसे तिथेच रिकामे करायला लावा.