छताला तडा, बिल्डरला पत्र

‘छताला तडे गेलेत, बघून जा’ एवढंच लिहिलं, की बिल्डर पुट्टीवाला पाठवतो. म्हणून पत्रात मोजमाप हवं: ‘बेडरूमच्या छतावर खिडकीपासून पंख्याकडे ४ फुटांची भेग आहे. टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घातली होती. महिन्याभरात भेग खुणेपुढे गेली.’ केसासारखी, न वाढणारी भेग बहुधा प्लास्टरचीच असते. वाढणारी किंवा गंजाचा तांबूस डाग दाखवणारी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच तपासावी, असं स्पष्ट लिहा. कारण, दुरुस्तीची पद्धत आणि मुदत लेखी मागा. रेरा कायद्याच्या कलम १४(३)नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामदोष बिल्डरने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. कळवल्याची तारीख इथे कळीची, म्हणून पत्राची पोच घ्याच.