गेमचं खातं लॉक झालं? सपोर्टला मेल असा लिहा

खातं लॉक झालं की पहिला मेल बहुतेक असा जातो: ‘सर, प्लीज माझा आयडी परत द्या, पाच वर्षांची मेहनत आहे, मी काहीच चुकीचं केलेलं नाही.’ त्यातला शब्दन् शब्द खरा असतो, पण वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. सपोर्टच्या माणसासमोर एकीकडे तुमचा मेल असतो आणि दुसरीकडे कंपनीच्या नोंदी: खातं कधी उघडलं, कोणत्या फोनवरून, कोणत्या ईमेलवर, पैसे कधी भरले, शेवटचं लॉगिन कुठून झालं. या दोन्हींचा ताळा जमतो का, एवढंच त्याला पाहायचं असतं. खातं चोरणारासुद्धा अशीच गयावया करतो. म्हणून मेलमध्ये अशा गोष्टी हव्यात ज्या कंपनीच्या नोंदीत आहेत आणि मालकाशिवाय सहसा कुणाला ठाऊक नसतात. तुमचं गेममधलं नाव, लेव्हल, तुमची टीम हे सगळ्यांनाच दिसतं. त्यावरून खातं कुठलं ते कळतं, कुणाचं ते कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. सांगलीतल्या एका मुलाने ऑक्टोबर २०१९ मध्ये वडिलांच्या फोनवर गेम सुरू केला. खरेदी वडिलांच्या गुगल खात्यातून व्हायची. २०२२ मध्ये स्वतःचा फोन आला, तेव्हा त्याने खात्याला आपला ईमेल जोडला. ५ जुलै २०२५ ला रँक वाढवून घ्यायला त्याने बंगळुरूच्या मित्राला पासवर्ड दिला. मित्राने रात्री लॉगिन केलं आणि थोड्याच वेळात पडद्यावर आलं की संशयास्पद हालचालीमुळे खातं लॉक केलं आहे.

इथे सगळ्यात भक्कम पुरावा मुलाकडे नाही, वडिलांच्या इनबॉक्समध्ये आहे. गुगल प्लेवर पैसे भरले की पावतीचा मेल येतो आणि त्यावर `GPA.` ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. वडिलांच्या जीमेलमध्ये `GPA` एवढंच शोधलं तरी जुन्या पावत्या वर येतात. मेल पुसले गेले असतील तर प्ले स्टोअरमध्ये वडिलांच्या प्रोफाइलवर जाऊन खरेदीचा इतिहास पाहता येतो. जमलं तर सगळ्यात जुनी पावती आणि अलीकडची एक, अशा दोन द्याव्यात. जुन्या पावतीला वजन जास्त, कारण काल-परवा खात्यात घुसलेल्या माणसाकडे ती असणं कठीण. पावतीवर नाव वडिलांचं आहे, हे मात्र आपणहून सांगायचं. नाहीतर नाव जुळत नाही म्हणून तिथेच गाडी अडते.

प्लेयर आयडी लॉकच्या पडद्यावर दिसला नाही तर जुन्या स्क्रीनशॉटमध्ये सापडतो, किंवा गेममधला मित्र आपल्या यादीतून तुमचं प्रोफाइल उघडून तो पाठवू शकतो. नाव बदलता येतं, आयडी सहसा तोच राहतो. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये त्याला प्लेयर टॅग म्हणतात आणि तो `#` ने सुरू होतो. आयडी टाइप न करता कॉपी केलेला बरा, कारण एक अक्षर चुकलं तर भलत्याच खेळाडूची नोंद उघडते.

तारीख लिहिताना 05/07 असं लिहू नका. सपोर्टचं ऑफिस परदेशात असेल तर ती ७ मे सुद्धा वाचली जाईल. महिना अक्षरात लिहा आणि वेळेपुढे भारतीय वेळ असल्याचं नोंदवा. सर्व्हरच्या नोंदी बहुधा `UTC` मध्ये असतात, म्हणजे आपल्या रात्रीच्या ११:४० ला तिथे संध्याकाळचे ६:१० दिसतात. गावासोबत इंटरनेट कोणत्या कंपनीचं तेही लिहा. मोबाइल डेटावर खेळणारा सांगलीत असला तरी नोंदीत कित्येकदा मुंबई दिसते, आणि मग खरी माहितीही खोटी वाटू लागते.

मेल खात्याला जोडलेल्या पत्त्यावरूनच पाठवायचा. कंपनीचा सपोर्टचा पत्ता प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावरच दिलेला असतो. काही कंपन्या मेल न घेता फॉर्म भरायला लावतात, तिथेही हाच मजकूर चालतो. विषयात गाऱ्हाणं न लिहिता `Account locked, Player ID` आणि पुढे आयडी एवढंच लिहा. आत साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत हे असावं:

‘माझं खातं ५ जुलै २०२५ ला रात्री सुमारे ११:४० वाजता (भारतीय वेळ) लॉक झालं. पडद्यावरच्या संदेशाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. हा मेल खात्याला जोडलेल्या पत्त्यावरूनच पाठवत आहे. खातं साधारण ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगलीहून, माझ्या वडिलांच्या फोनवर उघडलं. त्या फोनचं मॉडेल खाली दिलं आहे. २०२२ पासून मी दुसऱ्या फोनवर खेळतो, त्याचंही मॉडेल दिलं आहे. घरी जिओचं इंटरनेट आहे. खरेदी वडिलांच्या गुगल खात्यातून झाली; दोन पावत्यांचे ऑर्डर क्रमांक, तारखा आणि रकमा सोबत आहेत. लॉक होण्यापूर्वी बंगळुरूहून झालेलं लॉगिन माझ्या मित्राचं होतं, मी त्याला पासवर्ड दिला होता. ओळख पटवून खातं उघडून द्यावं, ही विनंती.’

मित्राचं लॉगिन लपवावंसं वाटतं, कारण पासवर्ड देणं बहुतेक गेमच्या नियमांत बसत नाही. तरी माझ्या मते ते सांगावंच. बंगळुरूची नोंद त्यांच्याकडे आधीच आहे. ‘मी एकटाच खेळतो’ असं लिहिलं तर उरलेल्या खऱ्या माहितीवरचाही विश्वास उडतो.

पासवर्ड, ओटीपी, यूपीआय पिन, कार्डाचा पूर्ण नंबर यांपैकी काहीही मेलमध्ये टाकायचं नाही. कार्डाची खूण मागितलीच तर शेवटचे ४ आकडे पुरतात. ओळखपत्र मागितलं तर आधारची मास्क केलेली प्रत द्यावी, तिच्यावरही शेवटचे ४ आकडेच दिसतात. टेलिग्राम-इन्स्टाग्रामवर पैसे घेऊन खातं सोडवून देणारे भेटतील, त्यांच्या वाटेलाही जाऊ नये.

कुणी खात्यात घुसून ईमेलच बदलला असेल तर प्रकरण वेगळं. असा बदल झाल्यावर जुन्या पत्त्यावर सूचना पाठवायची पद्धत बऱ्याच कंपन्यांत असते, आणि तारीख-वेळेसह आलेली ती सूचना पावतीइतकीच मोलाची. ती स्पॅममध्ये आणि ट्रॅशमध्येही शोधा, पण लगेच, कारण जीमेल तिथले मेल ३० दिवसांनी कायमचे काढून टाकतं. त्याआधी स्वतःच्या जीमेलचा पासवर्ड बदला आणि सेटिंगमध्ये अनोळखी फिल्टर किंवा फॉरवर्डिंगचा पत्ता लावलेला नाही ना, ते पाहा. चोर तिथे बसलेला असेल तर सपोर्टचं उत्तर आधी त्याला मिळेल.

विकत घेतलेलं खातं मात्र या वाटेने सहसा सुटत नाही. पहिला ईमेल, पहिला फोन आणि जुन्या पावत्या विकणाऱ्याच्या असतात, आणि ताळा त्याच्याशीच जुळतो.

मेल गेला की केस क्रमांक येतो. पुढचं सगळं त्याच मेलला उत्तर देऊन लिहा. रोज नवा मेल टाकला तर एकाच तक्रारीच्या चार नोंदी होतात आणि पावत्या एका नोंदीत, स्क्रीनशॉट दुसरीत अशी फाटाफूट होते. ‘माहिती जुळत नाही’ असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा चूक खातं उघडल्याच्या तारखेत असते. तेव्हा अंदाजाने नवे महिने फेकत बसू नका, तेही संशयास्पदच दिसतं. गेम सुरू केल्यावर आलेला स्वागताचा मेल, पहिली पावती किंवा गॅलरीतला सगळ्यात जुना स्क्रीनशॉट शोधा, त्यावरची तारीख कळवा आणि ती कुठून मिळाली तेही लिहा.