चुकीचा पर्याय कुठून येतो?

बहुपर्यायी प्रश्नांबद्दल शिक्षकांच्या खोलीत एक मत ठामपणे ऐकू येतं: या प्रश्नांनी पाठांतर तपासलं जातं, समज तपासायची तर लिहून उत्तर घ्यायला हवं. पेशीतल्या श्वसनावर तासभर व्याख्यान झालं आणि त्यावर ‘ग्लुकोजच्या एका रेणूच्या ऑक्सिश्वसनात कार्बन डायऑक्साइडचे किती रेणू तयार होतात?’ असा प्रश्न निघाला, तर हे मत खरंच ठरतं. फळ्यावरच्या समीकरणात सहा हा आकडा ज्याने पाहिला, त्याला गुण मिळाले. पण दोष प्रश्नाच्या प्रकाराचा नाही. त्याच व्याख्यानावर दुसरा प्रश्न काढून पाहू.

मुगाचे सारख्या वजनाचे दोन वाटे घेतले. पहिला वाटा तसाच ओव्हनमध्ये पूर्ण सुकवून तोलला. दुसऱ्यावर पाणी शिंपडून बंद, अंधाऱ्या जागी मोड आणले. पाणी निथळून बाहेर जाऊ दिलं नाही. तीन दिवसांनी तो वाटाही मोडांसकट तसाच पूर्ण सुकवून तोलला. दुसऱ्या वाट्याचं सुकं वजन पहिल्याच्या तुलनेत कसं असेल, आणि का?

(अ) जास्त, कारण मोड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला गेला.
(ब) तेवढंच, कारण दाण्यातला साठाच मोडात गेला.
(क) कमी, कारण साठ्याचा काही भाग ऊर्जेत रूपांतरित झाला.
(ड) कमी, कारण साठ्यातला काही कार्बन वायुरूपाने हवेत गेला.

मुगाचा उल्लेख व्याख्यानात नव्हता, वजनाचाही नव्हता. तरीही उत्तराला लागणारी प्रत्येक गोष्ट व्याख्यानात होती. उत्तर ‘ड’ आहे. अंधारात प्रकाशसंश्लेषण होत नाही, श्वसन मात्र चालू असतं. दाण्यातल्या पिष्टापासून साखर होते, साखरेतला कार्बन श्वसनात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो, आणि तयार झालेलं पाणी ओव्हनमध्ये उडून जातं. ताटातली मोडाची उसळ सुक्या मुगापेक्षा दुप्पट दिसते ती पाण्यामुळे; पाणी काढलं की मूळच्यापेक्षा कमीच उरतं.

‘चुकीचे पर्याय म्हणजे भरताड’

दुसरा गैरसमज मला पहिल्यापेक्षा जास्त नुकसानीचा वाटतो. प्रश्न आणि बरोबर उत्तर लिहून झालं की उरलेल्या तीन जागा कशाने तरी भरायच्या, असं मानलं जातं. मग एखादा पर्याय अगदीच बाष्कळ असतो, एखादा बरोबर उत्तरातला शब्द फिरवून केलेला असतो, आणि शेवटी ‘वरीलपैकी सर्व’ येतं. अशा प्रश्नात विद्यार्थी विषयाचा विचार करत नाही. प्रश्न काढणाऱ्याच्या सवयी ओळखतो.

वरच्या प्रश्नातले तीन चुकीचे पर्याय पुन्हा पाहा. ‘अ’ निवडणाऱ्याने प्रकाशसंश्लेषणाचा धडा आठवला, पण ‘अंधाऱ्या जागी’ या शब्दांचा अर्थ लावला नाही. ‘ब’ निवडणाऱ्याला वस्तुमान टिकतं हा नियम माहीत आहे. दाणा ही बंद बरणी नाही, त्याच्यातून वायू बाहेर जातो, हे त्याने धरलं नाही. या दोघांकडे थोडं ज्ञान आहे आणि त्याच ज्ञानाने त्यांना चुकीकडे नेलं. पर्याय पटण्यासारखा होतो तो यामुळे.

‘क’ सर्वांत मोलाचा आहे. तो निवडणाऱ्याला वजन घटेल हे कळलं आहे, पण कारण चुकलं आहे. श्वसनात साखरेतली ऊर्जा मोकळी होते, त्यातली काही एटीपीत साठते, काही उष्णता म्हणून जाते. साखरेचे अणू मात्र ऊर्जा होऊन नाहीसे होत नाहीत, ते सगळेच्या सगळे दुसऱ्या रेणूंत जातात. ‘क’ आणि ‘ड’ दोन्ही ‘कमी’ने सुरू होतात हे मुद्दाम आहे. दिशा ओळखून चालणार नाही, कार्बन कुठे गेला याचा माग काढावा लागेल.

असे पर्याय शिक्षकाने खुर्चीत बसून सुचवायचे नसतात, ते विद्यार्थ्यांकडून घ्यायचे असतात. सोपी रीत अशी: हाच प्रश्न आधीच्या एखाद्या तुकडीला पर्यायांविना द्या, चिठ्ठीवर दोन ओळींत उत्तर आणि कारण लिहून घ्या. चिठ्ठ्यांचे गठ्ठे कारणांप्रमाणे लावा, उत्तरांप्रमाणे नव्हे. सर्वांत जाड गठ्ठे हेच तुमचे चुकीचे पर्याय, आणि त्यांची वाक्यरचनाही शक्यतो मुलांचीच ठेवा. भौतिकशास्त्रातली ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही प्रसिद्ध चाचणी याच वाटेने घडली. डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1992 साली प्रसिद्ध केली. तिच्या आधीच्या चाचणीसाठी विद्यार्थ्यांकडून मोकळी उत्तरं लिहून घेतली होती आणि त्यांत वारंवार दिसलेल्या समजुतींमधून चुकीचे पर्याय आले होते. हार्वर्डमधले एरिक मझूर यांनी अशी चाचणी आपल्या वर्गाला दिली तेव्हा अवघड गणितं सोडवणारे विद्यार्थीही बलाविषयीच्या साध्या प्रश्नांत अडखळले, आणि त्यावरून त्यांनी आपली शिकवण्याची पद्धतच बदलली.

पर्याय चारच हवेत, हाही हट्ट नको. मायकल रॉड्रिगेझ यांनी 2005 साली ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. बहुतेक प्रश्नांना एक बरोबर आणि दोन चांगले चुकीचे, असे तीन पर्याय पुरतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. चिठ्ठ्यांचे दोनच गठ्ठे जाड निघाले तर तिसरा चुकीचा पर्याय ओढून आणू नये. मुगाच्या प्रश्नात ‘जास्त, कारण दाण्यांनी पाणी शोषलं’ असा पर्याय सहज सुचतो. तो मी ठेवणार नाही. ‘पूर्ण सुकवून’ हे शब्द वाचले की तो कोणीही खोडेल, आणि जो खोडणार नाही त्याने प्रश्न नीट वाचला नाही एवढंच कळेल.

‘पटणारा पर्याय म्हणजे फसवा पर्याय’

विद्यार्थ्यांची ही तक्रार असते, आणि बऱ्याचदा रास्त असते. ‘नाही’ हा शब्द वाक्याच्या पोटात लपवणं, दोन पर्यायांत केसाइतका फरक ठेवणं, ‘बहुधा’ आणि ‘नेहमी’ यांवर उत्तर टांगणं, ही फसवणूकच. इथे कसोटी अशी लावावी: विषय समजलेल्या माणसाला चुकीचा पर्याय निःसंशय चूक वाटायला हवा, आणि न समजलेल्याला तो स्वतःच्याच मनातला वाटायला हवा. समजलेला माणूसही घुटमळत असेल, तर दोष प्रश्नाचा.

दुसरी परीक्षा म्हणजे पर्याय हाताने झाकून फक्त प्रश्न वाचणं. तेवढ्यावर उत्तर देता यायला हवं. ‘श्वसनाबद्दल पुढीलपैकी कोणतं विधान योग्य आहे?’ हा प्रश्न इथेच नापास होतो, कारण झाकल्यावर त्याच्यापाशी विचारण्यासारखं काही उरतच नाही.

मुगाच्या प्रश्नाचं पहिलं रूप सहसा असं लिहिलं जातं: ‘शंभर ग्रॅम मूग भिजवून मोड आणले आणि सुकवले, तर वजन किती भरेल?’ निर्दोष वाटतं, पण त्यात दोन भोकं आहेत. दुकानातल्या सुक्या मुगातही साधारण दहा टक्के पाणी असतं. मोड न आणता नुसते ओव्हनमध्ये ठेवले तरी ते शंभराहून कमी भरतील. दुसरं म्हणजे, भिजवलेलं पाणी ओतून दिलं की त्याच्याबरोबर विरघळलेले पदार्थही जातात. म्हणजे श्वसनाचा गंध नसलेला, पण स्वयंपाकघरात वावरलेला मुलगाही ‘कमी’ म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. म्हणून तुलनेसाठी दुसरा वाटा आला आणि पाणी निथळू न देण्याची अट आली. प्रश्न लांबला, पण ‘ड’कडे जाण्याचा रस्ता एकच उरला.

भाषेतूनही उत्तर फुटतं. ‘या वेळी बाहेर पडणारा…’ असं लिहून पर्यायांत ‘वाफ’ आणि ‘उष्णता’ ठेवल्या, तर ‘पडणारा’ या पुल्लिंगी रूपानेच दोन पर्याय बाद होतात. सर्वांत लांब आणि काळजीपूर्वक लिहिलेला पर्याय बरोबर असतो, हे तर मुलं शाळेतच शिकतात. चारही कारणं साधारण एकाच लांबीची ठेवावीत ती यासाठी.

‘जितका कठीण, तितका चांगला’

प्रश्न चांगला आहे की नाही हे निकालातून कळतं, आणि त्यासाठी मोठं गणित लागत नाही. समजा वर्गात साठ विद्यार्थी आहेत. संपूर्ण परीक्षेच्या गुणांवरून वरचे सत्तावीस टक्के, म्हणजे 16, आणि खालचे 16 असे दोन गट करा. वरच्या गटातल्या 11 जणांनी आणि खालच्या गटातल्या 4 जणांनी ‘ड’ निवडला, असं धरू. फरक सात, भागिले 16, म्हणजे 0.44. हा भेददर्शक अंक. तो 0.3 च्या वर असला की प्रश्न समजलेल्यांना न समजलेल्यांपासून नीट वेगळं काढतो, असं मानतात. कठीण प्रश्नात दोन्ही गट सारखेच चुकले तर अंक शून्याजवळ येतो, आणि वरचा गटच जास्त चुकला तर तो ऋण होतो. ऋण आला की आधी उत्तरसूची तपासायची.

पण अंकापेक्षा चुकलेले कुठे गेले हे पाहणं जास्त उपयोगी आहे. समजा खालच्या गटातले 6 ‘क’कडे, 4 ‘ब’कडे, 2 ‘अ’कडे गेले, आणि वरच्या गटातलेही 4 जण ‘क’कडे गेले. अभ्यासू मुलंही साखर ‘जळून ऊर्जा होते’ असं मानत असतील, तर चूक बहुधा फळ्यावर आहे. ‘ग्लुकोज’ लिहून बाण काढून त्यापुढे नुसतं ‘ऊर्जा’ लिहिलं की वर्ग तेच शिकतो. पुढच्या व्याख्यानात बाणापुढे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी लिहायचं आणि ऊर्जा बाजूला दाखवायची. साठांपैकी जेमतेम दोघांनी निवडलेला पर्याय असेल तर तो काढून टाका किंवा बदला. एक सावधगिरी मात्र हवी. सोळाच्या गटात एका विद्यार्थ्याचं उत्तर बदललं तरी अंक 0.06 ने हलतो, त्यामुळे छोट्या वर्गात 0.44 आणि 0.38 यांत फरक मानू नये.

या प्रश्नांना मर्यादाही आहे. कारण पर्यायात लिहून दिल्यामुळे विद्यार्थ्याने ते ओळखलं एवढंच सिद्ध होतं, स्वतः मांडता येतं हे सिद्ध होत नाही. चारांतला एक अंदाजानेही लागतो. शिवाय वर्गात एकदा चर्चा झाली की मुगाचा प्रश्न पाठांतराचा होतो. पुढच्या वर्षी मूग उजेडात ठेवून विचारता येईल, पण तेव्हा किती दिवस ते सांगावंच लागेल: हिरवी पानं फुटून कामाला लागेपर्यंत उजेडातल्या रोपाचंही सुकं वजन घटतच असतं, आणि त्यानंतर ते वाढू लागतं. दिवस न सांगितलेल्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं निघतील.