ॲप बंद करण्याची रीत

ॲप बंद करताना पहिले पाऊल म्हणजे नवी भरती थांबवणे. गुगल प्लेवर ॲप ‘अनपब्लिश’ केले की नव्या लोकांना ते मिळत नाही. ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच आहे, त्यांचे मात्र चालूच राहते. सेवा खरी संपते ती सर्व्हर बंद होतो तेव्हा. या दोन टप्प्यांमधला काळ वापरकर्त्यांचा.

वाचायचे लेख साठवणाऱ्या ‘पॉकेट’बाबत मोझिलाने हा क्रम पाळला. २२ मे २०२५ रोजी घोषणा झाली, ८ जुलैला सेवा बंद झाली. साठवलेली यादी उतरवून घेण्याची सोय मात्र त्यानंतरही काही महिने उघडी राहिली. हे फार योग्य झाले, कारण बरेच जण सूचनेचा मेल उशिरा उघडतात. वार्षिक वर्गणीदारांना उरलेल्या काळाचे पैसे परत देण्याचेही ठरले.

मर्यादा एकच, पण मोठी: उतरवलेल्या फाइलमध्ये लेखांचे दुवे होते, मजकूर नव्हता. मूळ संकेतस्थळावरून लेख निघून गेला असेल, तर दुवा असूनही तो हाती लागत नाही. म्हणून उतरवलेली फाइल लगेच उघडून नेमके काय आले आहे ते मुदत संपण्याआधीच तपासावे.