मातीच्या पोटातली जाळी

उड्डाणपुलावर चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना काँक्रीटच्या पॅनेलची सरळसोट भिंत दिसते. आतला भराव या भिंतीनेच अडवून धरलाय, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ती पॅनेल जेमतेम पंधरा-अठरा सेंटिमीटर जाड असतात आणि सहा मीटर उंच भरावाचा रेटा एकट्याने झेलणं त्यांच्या आवाक्यातलं नसतं. रेटा झेलतो तो खुद्द भराव, कारण त्याच्या पोटात ठरावीक अंतरावर आडव्या जाळ्या अंथरलेल्या असतात. साइटवर सगळे तिला ‘आरई वॉल’ म्हणतात आणि या जाळ्यांना ‘जिओग्रिड’.

माती दाब चांगला सोसते, ताण मात्र तिला जवळजवळ सोसत नाही. उभा कापलेला भराव बाहेरच्या बाजूला फाकू पाहतो, आणि नेमका तोच ताण जाळी आपल्या अंगावर घेते. फ्रेंच अभियंता आन्री व्हिदाल यांनी 1960च्या दशकात लोखंडी पट्ट्या वापरून ही पद्धत रूढ केली. प्लॅस्टिकच्या जाळ्या त्यानंतर आल्या. खडी-मुरुमाचे कण त्यांच्या भोकांत अडकतात, त्यामुळे जाळीला मातीत पक्की पकड मिळते.

आता एक भिंत प्रत्यक्ष मांडून बघू. उंची 6 मीटर. आतला भराव चाळलेल्या, निचरा होणाऱ्या मुरुमाचा, एका घनमीटरला 1.8 टन वजनाचा आणि 32 अंश घर्षणकोनाचा. वरच्या वाहनांचा भार आपल्याकडे 1.2 मीटर जादा मातीइतका धरतात. जाळीची लांबी उंचीच्या 0.7 पट आणि निदान 3 मीटर असावी, असा प्रचलित नियम आहे. म्हणजे इथे 4.2 मीटर.

पहिला प्रश्न बाहेरचा. जाळ्यांनी बांधलेला 6 मीटर उंच, 4.2 मीटर रुंद ठोकळा मागच्या मातीच्या रेट्याने पुढे सरकेल का? भिंतीच्या दर मीटर लांबीला मागून सुमारे 15 टन रेटा येतो. ठोकळ्याचं वजन 45 टन, आणि तळाशी 30 अंश घर्षणकोन धरला तर 26 टनांचा विरोध मिळतो. दीडपट हवा होता, तो पावणेदोन पटीच्या आसपास भरला. उलटण्याची भीती त्याहून कमी. तळाखालच्या जमिनीकडे मात्र नीट बघावं लागतं. मागचा रेटा ठोकळ्याला पुढे कलवू पाहतो, त्यामुळे एकूण भार सगळ्या रुंदीवर सारखा न पसरता पुढच्या भागात एकवटतो. वाहनांसकट सरासरी दाब चौरस मीटरला 13 टन येतो, पण ही कलंडण धरली की तो 18.6 टनांवर जातो. खाली काळी माती असेल तर एवढा दाब तिला झेपत नाही. ती काढून मुरूम भरायचा, किंवा जमीनच सुधारायची. आतल्या जाळीवर कितीही खर्च केला तरी खालून ठोकळ्यासकट जमीन घसरली, तर ती जाळी कामाची नाही.

दुसरा प्रश्न आतला, आणि मला या संपूर्ण रचनेत तोच सर्वांत सुंदर वाटतो. तळाजवळच्या जाळीवर ताण जास्त असतो. थरांत 0.6 मीटर अंतर ठेवलं आणि तळाचा पूर्ण दाब सुरक्षित बाजूने धरला, तर दर मीटर रुंदीला साडेतीन टनांच्या आसपास ताण येतो. मग साडेतीन टनांची जाळी घ्यायची का? तसं केलं तर भिंत टिकणार नाही. प्रयोगशाळेत काही क्षणांत तुटेपर्यंत ओढलेल्या जाळीची ताकद वेगळी आणि शंभर वर्षं सतत ताणाखाली राहिलेल्या जाळीची वेगळी. प्लॅस्टिक कायमच्या ओढीखाली हळूहळू लांबत जातं. त्यासाठी पॉलिएस्टरच्या जाळीत साधारण दीडचा भागाकार करावा लागतो. अंथरताना खडीने होणाऱ्या इजेसाठी 1.1, रासायनिक ऱ्हासासाठी 1.15, आणि वर सुरक्षिततेचा दीड. सगळे गुणले की पावणेतीन-तीनच्या मध्ये उत्तर येतं. म्हणजे दहा टनांच्या आसपास ताकद हवी. जाळी किलोन्यूटनमध्ये विकतात आणि दहा किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन, तेव्हा 120 किलोन्यूटनचा माल घ्यायचा. हे गणित जुन्या, समजायला सोप्या रीतीचं आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 2014च्या एसपी 102 या मार्गदर्शिकेत भार आणि ताकद दोन्हींना वेगवेगळे गुणक लावतात, पण विचाराची दिशा हीच.

वर चढत गेलं की ताण उतरतो, म्हणून वरच्या थरांना हलकी जाळी चालते. तिथे अडचण वेगळ्याच बाजूने येते. सर्वांत वरची जाळी पृष्ठभागाखाली 0.4 मीटरवर आहे असं धरू. भिंतीच्या पायथ्यापासून तिरपी वर जाणारी फुटीची रेषा या उंचीवर दर्शनी भागापासून 3.1 मीटर आत असते. त्या रेषेपलीकडचा भागच जाळीला धरून ठेवतो, आणि 4.2 मीटरच्या जाळीचा तो भाग उरतो फक्त 1.1 मीटर. वर मातीचं वजनही थोडं, त्यामुळे पकड 790 किलोंच्या आसपास आणि ओढ 600 किलोंच्या. हे प्रमाण 1.3 होतं, दीडला कमी पडतं. जाळी इथे तुटणार नाही, ती मातीतून सरकून बाहेर येईल. जाडजूड जाळी घेऊन याला उतारा मिळत नाही, लांबीच वाढवावी लागते. वरचे दोन-तीन थर 5 मीटर केले की प्रमाण दोनच्या वर जातं. तळाला ताकद कमी पडते, माथ्याला पकड. हे ध्यानात न घेता तळापासून माथ्यापर्यंत एकच जाळी टाकणारा आराखडा एका टोकाला पैसा वाया घालवतो आणि दुसऱ्या टोकाला अपुरा पडतो.

कागदावरचं हे गणित साइटवर दोन-तीन ठिकाणी सहज मोडतं. भिंतीत वापरायच्या बहुतेक जाळ्यांची ताकद एकाच दिशेला, रोल उलगडतो त्या दिशेला असते. ती दिशा पॅनेलला काटकोनात यायला हवी. रोल भिंतीला समांतर उलगडणं मजुरांना सोयीचं पडतं, आणि तसं केलं की 120 किलोन्यूटनचा माल नावापुरता राहतो. वर माती पडली की ही चूक कुणालाच दिसत नाही, म्हणून प्रत्येक थर झाकण्याआधी बघून सही करणारा माणूस हवाच. जाळी हाताने ताणून खुंट्या मारायच्या, सुरकुती राहू द्यायची नाही. सैल जाळी ताण घ्यायला लागण्याआधीच पॅनेल पुढे आलेलं असतं. तिच्यावर निदान 15 सेंटिमीटर माती पडेपर्यंत डंपर वा रोलर न्यायचा नाही. पॅनेलपासून दीड मीटरच्या पट्ट्यात जड रोलर बंद, तिथे हलका प्लेट कॉम्पॅक्टर. दर थराला ओळंबा लावून पॅनेल पाहायचं.

सगळ्यात जास्त नुकसान पाण्याने होतं. भरावात 75 मायक्रॉनहून बारीक कण 15 टक्क्यांवर गेले की निचरा मंदावतो. स्वस्तात मिळतो म्हणून मातकट मुरूम भरला की पावसाळ्यात पाणी आत साचतं, वजन वाढतं, घर्षण घटतं, आणि आपण हिशेबात न धरलेला पाण्याचा दाब पॅनेलवर येतो. म्हणून पॅनेलमागे सुमारे 60 सेंटिमीटर रुंद खडीचा पट्टा, सांध्यांवर आतून गाळणीचं कापड आणि वर रस्त्याचं पाणी भरावात न मुरता बाहेर नेणारं गटार लागतं. हे गटार तुंबलं की खालची सगळी योजना धोक्यात येते.

भिंत बिघडते आहे हे रस्त्यावरून जाता-येताही कळतं. सांध्यातून बारीक माती ओघळत असेल तर मागचं कापड फाटलेलं आहे किंवा बसवलेलंच नाही. दोन-चार पॅनेल फुगून पुढे आली असतील तर तिथली जाळी, तिचा जोड किंवा दाबाई कच्ची आहे. आणि डांबरावर भिंतीला समांतर, कडेपासून चार-पाच मीटर आत लांब तडा पडला असेल, तर तो जाळी संपते तिथला असतो: ठोकळा आणि मागची माती वेगवेगळ्या खचत आहेत किंवा ठोकळाच पुढे सरकतो आहे. अशा तड्यात डांबर ओतून मोकळं होणं धोक्याचं आहे. तडा बुजवला तरी चालेल, पण त्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना खुणा ठोकून अंतर आणि पातळी मोजायला सुरुवात करावी. पावसाळ्यात दर आठवड्याला मोजलेले हे आकडे थांबले तर तळ खचून स्थिरावला, वाढत राहिले तर वाहतूक वळवून पायाखालची जमीन तपासायची वेळ आली.