बोट की चेहरा?

ऑक्टोबर 2019 मध्ये बातमी आली: सॅमसंगच्या एस10 फोनवर काही स्वस्त सिलिकॉन कव्हरं चढवली, की तो परक्या बोटानेही उघडतो. स्क्रीनखालचा अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनिलहरींनी बोटाचे उंचवटे मोजतो. इथे त्याने कव्हरवरची नक्षीच ठसा समजली. कंपनीला अपडेट द्यावं लागलं. बटणातला कपॅसिटिव्ह सेन्सर त्यामानाने साधा नि जलद. ओल्या बोटाला मात्र रुसतो.

चेहऱ्याचं म्हणाल, तर नुसत्या सेल्फी कॅमेऱ्यावरचं अनलॉक काही फोनांत छापील फोटोलाही फसतं. आयफोनचा फेस आयडी 30,000 हून अधिक अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकून चेहऱ्याची खोली मोजतो, म्हणून अंधारातही चालतो.

साध्या अँड्रॉइडवर बोटच वापरा. नवा स्क्रीनगार्ड लावलात, तर ठसा पुन्हा नोंदवा आणि घरातल्या दुसऱ्याचं बोट लावून पाहा.