भरतला विचारून सांगतो

व्यवस्थापनाच्या वर्गात अधिकार सोपवणं हा विषय निघाला की फळ्यावर बाण काढले जातात. वर साहेब, खाली कर्मचारी आणि मधून खाली येणारी कामं. मुलं ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात आणि पहिल्या नोकरीत नेमकं उलट वागतात. त्यापेक्षा एका किराणा दुकानाची गोष्ट सांगून ती मधेच दोन-तीनदा थांबवावी. ही गोष्ट त्यासाठीच रचलेली आहे. माणसं आणि रकमा काल्पनिक असल्या, तरी असं दुकान प्रत्येकाच्या गावात असतं.

दुकान कराडचं. मालक अण्णा, मुलगा सागर नुकताच पदवीधर झालेला, आणि पंधरा वर्षांचा जुना नोकर भरत. अण्णा जेष्ठात आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले, म्हणजे आषाढी एकादशी होईपर्यंत अडीच-तीन आठवडे घरी येणार नाहीत. निघताना सागरला म्हणाले, "दुकान सांभाळ." भरतला म्हणाले, "सागरकडे लक्ष ठेव." कोणी काय ठरवायचं, हे कोणालाच सांगितलं नाही.

आषाढीच्या आधीचा आठवडा म्हणजे साबुदाण्याचा. एरवी या दुकानात महिन्याला पन्नास किलोचं एक पोतं खपतं, या आठवड्यात सहा लागतात. भरतला हे तोंडपाठ. सागरनं त्याला सांगून ठेवलं होतं, "भरतदादा, मालाचं तू बघ." बुधवारी सकाळी सांगलीच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला: सेलमचा माल आलाय, 58 रुपये किलो, भाव संध्याकाळपर्यंत. भरत म्हणाला, "सागरला विचारून सांगतो." सागर कर्जाच्या कागदांसाठी बँकेत होता, फोन बंद. रात्री आठला दोघांचं बोलणं झालं. गुरुवारी भाव 62 झाला होता आणि व्यापाऱ्याकडे दोनच पोती उरली होती.

एकादशीच्या दोन दिवस आधी साबुदाणा संपला. हिशोब मांडायला सोपा आहे. किरकोळ भाव 68, म्हणजे बुधवारी घेतला असता तर किलोमागे दहा रुपये सुटले असते. न मिळालेल्या चार पोत्यांचे दोन हजार गेले आणि महाग पडलेल्या दोन पोत्यांचे चारशे. चोवीसशे रुपयांनी दुकान बुडत नाही. पण साबुदाण्याला आलेलं गिऱ्हाईक शेंगदाणे, भगर, राजगिऱ्याचं पीठ आणि तूपही नेतं. साबुदाणा नाही म्हटल्यावर ते सगळं समोरच्या दुकानातून गेलं. त्यातल्या काही घरांची महिन्याची यादीही पुढे तिकडेच गेली, तर तो तोटा कुठल्याच वहीत दिसणार नाही.

इथे गोष्ट पहिल्यांदा थांबवावी आणि चूक कोणाची ते विचारावं. बरीच मुलं भरतकडे बोट दाखवतील. सागरनंही तेच केलं. "एवढं तरी कळायला हवं होतं," असं तो चारचौघांत म्हणाला. भरत गप्प राहिला. दोन वर्षांपूर्वी भाव चांगला दिसला म्हणून त्यानं हरभराडाळीची दोन पोती स्वतःच्या मनानं घेतली होती, तेव्हा अण्णांनी गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं होतं. विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे तो याच दुकानात शिकला होता.

खाणकंपनी चालवणाऱ्या आंरी फायोल या फ्रेंच अभियंत्यानं 1916 साली व्यवस्थापनाची जी तत्त्वं मांडली, त्यांत अधिकार आणि जबाबदारी यांची जोडी आहे. भरतकडे माल संपल्याचा दोष येत होता, पण माल घेण्याचा शब्द देता येत नव्हता. 'मालाचं तू बघ' या वाक्यात काम होतं, अधिकार नव्हता.

बोलणी खाल्ल्यावर भरत प्रत्येक गोष्ट विचारू लागला. तेलाची पिशवी गळतेय, परत घेऊ? सुटे नाहीत, चॉकलेट देऊ? साबणावर योजना आहे, घेऊ का? सागर दिवसभर उत्तरं देत बसला आणि रात्री म्हणाला, मीच सगळं करतो. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांचा 1974 सालचा एक लेख याच दुखण्यावर आहे. त्यांनी कामाला माकड म्हटलं होतं: हाताखालचा माणूस प्रश्न घेऊन येतो, साहेब 'बघतो' म्हणतो आणि माकड साहेबाच्या खांद्यावर उडी मारतं. सागरच्या खांद्यावर एव्हाना टोळी जमली होती.

मग त्यानं दुसरं टोक गाठलं. "उधारीचं तूच ठरव, मला विचारू नकोस." आठवड्यात उधारी नऊ हजारांवरून एकतीस हजारांवर गेली. भरत बेफिकीर नव्हता. कोणाची मागची बाकी किती, कोण दिवाळीलाच देतो, कोणाला आता थांबवायचं, हे सगळं अण्णांच्या खिशातल्या डायरीत होतं आणि डायरी वारीत चालत होती. अधिकार मिळाला, पण त्याला सीमा नव्हती आणि ठरवायला लागणारी माहितीही नव्हती. माझ्या मते गोष्टीतली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच आहे. नाही तर मुलं 'अधिकार द्या म्हणजे झालं' एवढंच घेऊन वर्गाबाहेर पडतात.

शेवटी सागरनं अण्णांना फोन करून डायरीतली बाकी उतरवून घेतली आणि भरतला शेजारी बसवून एक कागद लिहिला. ठरलेल्या तीन व्यापाऱ्यांकडून दिवसाला वीस हजारांपर्यंतचा माल भरतनं न विचारता घ्यावा. भाव मागच्या खरेदीपेक्षा किलोला दोन रुपयांहून जास्त चढला असेल, तरच फोन करावा. ज्या घराची मागची बाकी चुकती आहे, त्याला दोन हजारांपर्यंत उधारी. नवा व्यापारी, जीएसटीचे कागद आणि गल्ल्याची किल्ली सागरकडे. रात्री नऊला पंधरा मिनिटं बसून आज काय घेतलं, कोणाला दिलं, उद्या काय संपेल, एवढंच पाहायचं. दिवसभर मधे बोलायचं नाही. हे शेवटचं सागरला सगळ्यात जड गेलं. बुधवारच्या त्या फोनला हा कागद असता, तर सहा पोती म्हणजे तीनशे किलो, 17,400 रुपये. मर्यादेत बसलं असतं.

जबाबदारी मात्र कागदानं संपत नाही. भरतची खरेदी चुकली, तरी व्यापारी पैसे दुकानाकडेच मागणार. सोपवलेल्या कामाचा जाब मालकाकडून सुटत नाही, म्हणून तर रात्रीची पंधरा मिनिटं.

अण्णा परत आले. दुसऱ्याच दिवशी एक जुनं गिऱ्हाईक काउंटरवर आलं. बाकी थकली होती म्हणून भरतनं त्याला उधारी नाकारली होती. "अण्णा, तुमचा माणूस आम्हाला ओळखत नाही का?" अण्णांनी लगेच सामान बांधायला सांगितलं. भरतनं बांधलं. त्या दिवशी रात्रीपर्यंत त्यानं सागरला पुन्हा अकरा गोष्टी विचारल्या.

इथे वर्गात दुसऱ्यांदा थांबावं. अण्णांनी काय करायला हवं होतं? गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही, हे त्यांचंही बरोबरच आहे. मुलं खूप वाद घालतात. एक उत्तर असं, की अण्णांनी "भरतला विचारून सांगतो" म्हणावं, आत जाऊन भरतशी बोलावं आणि होकार द्यायचाच असेल तर तो भरतच्या तोंडून जाऊ द्यावा. पुढच्या वेळी अण्णांनी तसं केलं.

एक प्रश्न वर्गात कोणी काढला नाही, तर शिक्षकानं काढावा. भरत आता वीस हजारांची खरेदी ठरवतो, उधारी ठरवतो आणि त्याचा पगार जेष्ठात होता तेवढाच आहे. गोष्टीत सागर हे श्रावणात अण्णांसमोर काढतो. अण्णा म्हणतात, "दिवाळी होऊ दे." सागर म्हणतो, "दिवाळीची खरेदी त्यालाच करायची आहे, अण्णा. आधी ठरवा."